रिकामी पिशवी काय सांगते

घरात कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, लावलेला वृद्ध माणूस असला की सगळ्यांचं लक्ष भरलेल्या पिशवीकडे असतं. पिशवी भरली, ओतायला हवी, एवढं लहान मुलालाही कळतं. पण काळजीची बातमी बहुतेक वेळा रिकाम्या पिशवीतून येते. ती सहज सुटते, कारण पिशवी रिकामी दिसली की एक काम वाचलं असं वाटतं. आजोबा झोपलेत, पिशवीत थोडीच लघवी आहे, बरं झालं, सकाळी बघू. या ‘सकाळी बघू’मध्ये कधी कधी सहा-सात तास जातात आणि तोवर मूत्राशय ताणून दगडासारखं झालेलं असतं.

म्हणून पिशवी ओतणं, नळीची स्वच्छता आणि नळी तुंबल्याची लक्षणं या तीन गोष्टी वेगवेगळ्या शिकू नयेत असं मला वाटतं. ओतताना मोजलेला आकडा आणि धुताना टाकलेली नजर, या दोन्हींतूनच तुंबणं वेळेवर कळतं.

आधी नळी आत कशी बसलेली असते ते डोळ्यांसमोर आणू. कॅथेटर मूत्रमार्गातून मूत्राशयात जातो आणि आत टोकाजवळ एक छोटा फुगा असतो. नळी घातल्यावर त्या फुग्यात निर्जंतुक पाणी भरतात, मोठ्या माणसाच्या नेहमीच्या कॅथेटरला साधारण 10 मिलि. हा फुगा मूत्राशयाच्या तोंडाशी अडून बसतो आणि नळी बाहेर घसरत नाही. लघवी आत शिरते ती फुग्याच्या वरच्या बाजूला, टोकाशी असलेल्या एक-दोन बारीक भोकांतून. पुरुषांना बहुधा 14 किंवा 16 नंबरची नळी लावतात. 16 नंबर म्हणजे बाहेरून साधारण सव्वापाच मिलिमीटर जाडी. आतला मार्ग त्याहून बराच अरुंद. बाहेरच्या टोकाला दोन फाटे असतात. एक पिशवीच्या नळीला जोडलेला, दुसरा फुग्याचा, ज्याच्या तोंडाशी रंगीत झडप असते. या दुसऱ्या फाट्याशी घरच्यांचं काहीच काम नाही. तो उघडायचा नाही, कापायचा तर मुळीच नाही.

यात लघवी ढकलणारं काहीही नाही, हे ध्यानात ठेवायला हवं. कॅथेटर असताना लघवी फक्त उताराने वाहते. मूत्राशय वर, पिशवी खाली, मधली नळी मोकळी, एवढ्यावरच सगळं चालतं. उतार मोडला किंवा वाट अडली की प्रवाह थांबतो, मूत्रपिंडं मात्र लघवी तयार करतच राहतात.

उतार मोडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पिशवी पलंगावर, अंगाशेजारी ठेवली जाते. चाकाच्या खुर्चीत बसवताना कुणीतरी ती मांडीवर देतं. कूस बदलल्यावर नळी मांडीखाली दबते किंवा पलंगाच्या कठड्यात अडकते. सगळ्यात फसवी जागा म्हणजे पिशवीच्या तोंडापेक्षाही खाली लोंबणारा नळीचा झोल. त्या झोलात लघवी साचून राहते आणि पुढची लघवी पिशवीत जाण्यासाठी तिला चढ चढावा लागतो. बाहेरून सगळं ठीक दिसतं, नळीत पिवळा रंगही दिसतो, पण प्रवाह मंदावलेला असतो. यावर उपाय सोपा आहे: जास्तीची नळी गादीवर सैल वेटोळं करून ठेवायची आणि गादीच्या कडेपासून पिशवीपर्यंत ती सरळ खाली उतरू द्यायची.

पिशवी पलंगाच्या न हलणाऱ्या भागाला हुकाने अडकवावी, वरखाली होणाऱ्या कठड्याला नाही. ती कायम मूत्राशयाच्या पातळीखाली हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. फार खाली टांगली तर नळीतला द्रवाचा स्तंभ लांब होतो, ओढ वाढते आणि मूत्राशयाचं मऊ अस्तर टोकाच्या भोकात ओढलं जाऊ शकतं. मूत्राशयापासून सुमारे फूटभर खाली असली की पुरते.

आता ओतण्याचं काम. रात्रीच्या मोठ्या पिशवीची क्षमता बहुधा 2 लिटर असते. ती काठोकाठ भरायची वाट पाहू नये. अर्धी ते दोन-तृतीयांश भरली की ओतावी. एक लिटर लघवी म्हणजे एक किलो वजन, आणि पिशवी नीट अडकवलेली नसेल तर ते वजन थेट नळीवर, म्हणजे आतल्या फुग्यावर येतं. पायाला बांधायची छोटी पिशवी 500 ते 750 मिलिची असते. ती 300-400 मिलिला ओतली तर मांडीवर जड होत नाही. मात्र दर तासाला तोटी उघडणंही बरं नव्हे. प्रत्येक वेळी तोटी उघडली की जंतूंना आत जायची एक संधी मिळते.

ओतण्याआधी साबणाने हात धुवावेत आणि एकदाच वापरायचे हातमोजे घालावेत. लघवीसाठी मापाच्या खुणा असलेलं एक भांडं वेगळं ठेवावं, दुसऱ्या कशालाही ते वापरू नये. भांडं पिशवीखाली धरून तोटी उघडावी, पण तोटीचं टोक भांड्याच्या कडेला किंवा आतल्या लघवीला टेकू देऊ नये. बहुतेक चुका इथेच होतात. उभ्याने वाकून काम उरकायला गेलं की टोक भांड्यात बुडतंच. खाली बसावं, भांडं एका हातात धरावं, तोटी दुसऱ्या हातात. पूर्ण निचरा झाला की तोटी बंद करून टोक स्वच्छ कागदी रुमालाने किंवा स्पिरिटच्या बोळ्याने पुसावं. मग आकडा वाचावा. पिशवीवर छापलेल्या रेघा केवळ अंदाजासाठी असतात. पिशवी मऊ असल्यामुळे ती कशी लोंबते त्यावर पातळी बदलते. खरं माप भांड्यातलं. लघवी संडासात ओतून भांडं धुवावं, उपडं घालून वाळू द्यावं, हातमोजे टाकावेत आणि पुन्हा हात धुवावेत.

ओतून झाल्यावर तोटी बंद आहे ना, हे एकदा बोटाने तपासावं. उघडी राहिली तर जमीन ओली होते, तेवढ्यावर भागतं. उलटी चूक जास्त वाईट. काही घरांत दिवसा पायाची पिशवी असते आणि रात्री तिच्याच तोटीला मोठी पिशवी जोडतात. जोडल्यावर पायाच्या पिशवीची तोटी उघडायची राहून गेली, तर छोटी पिशवी मध्यरात्रीपर्यंत फुगते आणि लघवी मागे तुंबते. मोठी पिशवी मात्र सकाळी कोरडीच असते. जोडणी झाली की पाच-दहा मिनिटांनी रात्रीच्या नळीत लघवी उतरताना दिसतेय का, ते पाहिल्याशिवाय दिवा बंद करू नये.

कॅथेटर आणि पिशवी यांचा सांधा शक्यतो उघडायचा नाही. अंघोळीसाठी पिशवी काढून ठेवणं, कपडे बदलताना नळी सुटी करणं, ही सवय लागली की आतला बंद मार्ग पुन्हा पुन्हा उघडा पडतो. कपड्याच्या बाहीतून हात काढतात तसा पायजम्याच्या पायातून आधी पिशवी ओढून घ्यायची, मग पाय काढायचा. पिशवी साधारण आठवड्याने बदलतात. पाकिटावर दिलेली मुदत आणि सिस्टरने सांगितलेली तारीख पाळावी. गळकी झाली किंवा आत गाळ साचला तर आधी. बदलताना सांधा स्पिरिटने पुसावा, कॅथेटर बोटांनी चिमटून धरावा, नव्या पिशवीच्या नळीचं टोक हाताला किंवा चादरीला लागू न देता थेट बसवावं. टोक कुठे टेकलंच तर ती पिशवी बाजूला ठेवून दुसरी घ्यावी.

आता वहीबद्दल. वही म्हणजे फक्त तीन रकाने: वेळ, मिलि, आणि रंगाबद्दल एखादा शब्द. याहून जास्त रकाने आखले की चार दिवसांनी कुणी लिहीत नाही. पण हे तीन रकाने लिहिले की आठवड्याभरात त्या माणसाचा स्वतःचा वेग कळतो. कुणाचा तासाला 60 मिलि असतो, कुणाचा 90. पुस्तकातल्या सरासरीपेक्षा त्या एका माणसाचा नेहमीचा वेग उपयोगी पडतो, कारण तुंबण्याची सुरुवात ओळखायची तर तुलना त्याच्याशीच करायची असते.

स्वच्छतेकडे येऊ. इथे लोक कमीही करतात आणि नको तेवढंही. दिवसातून दोन वेळा, आणि शौचाला जाऊन आल्यावर, साधा साबण आणि कोमट पाणी पुरेसं आहे. जंतुनाशक द्रवाने रोज चोळल्याने संसर्ग कमी होत नाही. नाजूक कातडी मात्र सोलवटते. पावडर लावू नये, ती नळीच्या तोंडाशी ओल्या लगद्यासारखी जमते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मलमही नको.

पुरुषाच्या बाबतीत शिश्नावरची पुढची कातडी हलक्या हाताने मागे घ्यावी लागते, कारण मळ आणि सुकलेला स्राव तिच्याखालीच साचतो. मागे जात नसेल तर जोर करू नये. एका हाताने नळी शिश्नाच्या तोंडाजवळ धरून ठेवावी, म्हणजे धुताना ओढ बसत नाही. आधी मूत्रमार्गाचं तोंड आणि भोवतालची जागा धुवावी, मग नळीचा बाहेर दिसणारा भाग शरीरापासून दूर जात पुसावा. परत शरीराकडे कापड आणू नये, नाहीतर बाहेरचे जंतू तोंडाशी येतात. नळीवर पांढरट किंवा तपकिरी खपली चिकटलेली असेल तर ती ओल्या कापडाने भिजवून काढावी. नखाने खरवडू नये. मग जागा कोरडी करावी आणि पुढची कातडी पुन्हा जागेवर आणावी. हे शेवटचं काम विसरण्यासारखं आहे आणि विसरलं तर महागात पडतं. मागे राहिलेली कातडी शिश्नाभोवती आवळते, पुढचा भाग सुजतो, आणि काही तासांत ती हाताने पुढे आणता येईनाशी होते. तशी सूज दिसली तर लगेच डॉक्टरांकडे न्यावं.

हे धुणं-पुसणं करताना त्या माणसाचा संकोच ध्यानात घ्यायला हवा. ज्याने आयुष्यभर अंगावरचं वस्त्र कुणासमोर सोडलं नाही त्याला रोज दोनदा उघडं व्हावं लागतं. त्याला बसून आरशाचा आधार घेत स्वतः धुता येत असेल तर धुऊ द्यावं, आपण फक्त नळी धरावी. नसेल तर दार लावावं, गरजेपुरतंच वस्त्र सारावं आणि काय करतोय ते आधी सांगावं. सांगितलं की तो पाय घट्ट मिटून घेत नाही, आणि नळीही ओढली जात नाही. शिवाय ज्याला रोज विचारलं जातं तो ‘आज खाली जड वाटतंय’ हे आपणहून सांगतो, जे कुठल्याही वहीत दिसत नाही.

धुऊन झाल्यावर नळी मांडीच्या वरच्या भागाला पट्टीने बांधावी, थोडी सैल ठेवून. पाय सरळ केला, वाकवला, तरी शिश्नाच्या तोंडाशी नळी ताणली जाता कामा नये. सतत ताण राहिला तर मूत्रमार्गाच्या तोंडाला चीर पडते आणि ती हळूहळू खाली वाढत जाते. पट्टीची जागा रोज थोडी बदलावी, एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर न्यावी.

एवढं सगळं नीट केलं तरी नळी काही जणांची तुंबतेच. याचं कारण बहुतेक वेळा घरच्यांचा निष्काळजीपणा नसतो, आणि हे काळजी घेणाऱ्याला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. कॅथेटर महिनाभर राहिला की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. त्यांतले काही, विशेषतः प्रोटियस नावाचे, लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार करतात. लघवी अल्कधर्मी होते, आणि तिच्यात विरघळलेले मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे क्षार बाहेर पडून नळीवर बसू लागतात, किटलीच्या तळाशी बसतात तसे. टोकाची भोकं आणि आतला मार्ग त्या कवचाने हळूहळू बुजतो. दीर्घकाळ कॅथेटर असलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना हा त्रास कधी ना कधी होतो. जाड नळी घातली तर तुंबणार नाही असं वाटतं, पण जाड नळीने मूत्रमार्ग आणि मूत्राशय जास्त चिडतं. क्षार तिच्यावरही बसतात.

क्षारांखेरीज रक्ताच्या गाठी, चिकट गाळ आणि बद्धकोष्ठ हीही कारणं आहेत. गुदाशयात मळाचा गोळा साठला की तो पुढच्या बाजूला मूत्रमार्गावर आणि मूत्राशयावर दाबतो. म्हणून शौचाला न झाल्याचे दिवस मोजणं हाही कॅथेटरच्या काळजीचाच भाग आहे.

आता एक उदाहरण आकड्यांसह पाहू. समजा 81 वर्षांचे आजोबा आहेत, प्रोस्टेट वाढल्यामुळे कॅथेटर, नळी सिलिकॉनची, 16 नंबर, लावून 26 दिवस झालेले. वहीतला त्यांचा नेहमीचा दिवस असा: रात्री 10 ते सकाळी 6 या आठ तासांत 560 मिलि, 11 वाजता 390, दुपारी 4 वाजता 380, रात्री 10 वाजता 430. म्हणजे दिवसाकाठी 1760 मिलि, आणि वेग तासाला साधारण 70 ते 80.

त्या दिवशी सकाळचे दोन आकडे नेहमीचेच आहेत. दुपारी 4 वाजता मात्र भांड्यात फक्त 150. पाच तासांत किमान 350 यायला हव्या होत्या. आजोबा म्हणतात, काही होत नाहीये. इथे दोन शक्यता आहेत. पाणी कमी प्यायलं गेलं असेल तर लघवी कमी येईल, पण ती गडद असेल, आणि ओटीपोट मऊ असेल. तुंबत असेल तर रंग नेहमीचा असू शकतो, पांढरट गाळ किंवा वाळूसारखे कण दिसतात, आणि ओटीपोटावर हात ठेवला की भरल्यासारखं लागतं. या घटकेला नळीचा प्रवास हाताने तपासायचा: शिश्नापासून पिशवीपर्यंत, कुठे पीळ, कुठे दाब, झोल आहे का, पिशवी वर आहे का, छोटी पिशवी काठोकाठ भरलीय का. आजोबांना कूस बदलायला सांगायचं, जमत असेल तर उभं करून चार पावलं चालवायचं. टोकाचं भोक मूत्राशयाच्या भिंतीला चिकटलं असेल तर एवढ्याने सुटतं. पिशवी काही सेकंद कमरेच्या पातळीपर्यंत उचलून पुन्हा खाली आणली तरी ओढ सैल होते. आणि मग तासाभराने पुन्हा पाहायचं, सहा तासांनी नाही.

समजा घरच्यांनी हे केलं नाही आणि एकदम संध्याकाळी 7 वाजता पाहिलं. पिशवीत 20 मिलि वाढलेत. हिशेब करू. दुपारपर्यंत 200 ते 250 मिलि आत राहिलेली, त्यानंतरच्या तीन तासांत 210 ते 240 तयार झाली, 20 बाहेर आली. म्हणजे मूत्राशयात 400 मिलि किंवा त्याहून जास्त साठलेलं आहे. सामान्य माणसाला या टप्प्यावर जोराची लघवी लागते. इथे तर वाट बंद आहे. पायजमा पुढून ओला झालाय. आजोबा सारखे उठायला बघताहेत, ‘लघवीला जायचंय’ म्हणताहेत, कपाळावर घाम आहे.

पायजमा ओला दिसला की ‘चला, येतेय तर खरी’ असं वाटतं, आणि इथेच फसगत होते. नळीच्या कडेने गळणं दोन कारणांनी होतं. पिशवीत नेहमीइतकी लघवी येतेय आणि शिवाय गळतंय, तर बहुधा मूत्राशयाला पेटके येताहेत. ते डॉक्टरांना सांगावं, पण घाई नाही. पिशवी कोरडी आणि कपडे ओले, तर नळी तुंबलीय असंच धरून चालायचं. तसंच ‘लघवीला जायचंय’ या वाक्याचं. कॅथेटर लावल्यावर सुरुवातीचे दिवस ही भावना फुग्यामुळे येते आणि ‘नळी आहे, अशीच होईल’ असं उत्तर देण्याची घरच्यांना सवय लागते. पिशवी न पाहता ते उत्तर कधीही देऊ नये. विसरभोळेपणा असलेल्या माणसाला दुखणं शब्दांत सांगता येत नाही. तो चिडतो, नळी ओढतो, किंवा असंबद्ध बोलू लागतो. अशा वेळी झोपेची गोळी शोधण्याआधी पिशवी पाहावी आणि नाभीखाली हात ठेवून बघावा.

संध्याकाळी 7 वाजता आता घरचे उपाय संपले आहेत. ओटीपोट टणक, दुखणं, पिशवी रिकामी आणि कडेने गळती, एवढं एकत्र आलं की लगेच सिस्टरला किंवा डॉक्टरांना बोलवायचं, ते मिळत नसतील तर तातडीच्या विभागात न्यायचं. तोवर पाणी पाजू नये. मार्ग बंद असताना वरून भरण्यात फायदा नाही. सिरिंजने पाणी मारून नळी मोकळी करायचा प्रयत्न, तसं शिकवलेलं नसेल तर, करू नये. नळी ओढू नये: फुगा आत फुगलेला असतो आणि तो तसाच बाहेर आला तर मूत्रमार्ग आतून फाटतो. त्या रक्तस्रावाला घरी थांबवता येत नाही. चुकून ओढली गेलीच आणि रक्त येत असेल तर जागेवर स्वच्छ कापड धरून रुग्णालय गाठावं. ज्यांच्या मणक्याच्या वरच्या भागाला इजा झालेली आहे त्यांना तुंबल्यावर ओटीपोट दुखणार नाही, पण एकाएकी ठणकणारं डोकं, लाल झालेला चेहरा आणि घाम दिसेल. रक्तदाब धोकादायक पातळीला जातो. तिथे एक मिनिटही थांबू नये.

दुखत नाही, ओटीपोट मऊ आहे आणि तरीही तपासून, कूस बदलून, तासाभराने पिशवी कोरडीच राहिली, तर तेही फोन करण्याचंच कारण आहे. अशा वेळी नळी मोकळी असून लघवीच तयार होत नसेल, आणि ते वेगळं, पण तितकंच गंभीर आहे. ताप, थंडी वाजून हुडहुडी, पाठीत बरगडीखाली दुखणं, किंवा लाल रक्त आणि गाठी, यांसाठीही त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. नळी बदलल्यानंतर दिवसभर गुलाबी झाक दिसणं मात्र नेहमीचं आहे.

लघवीला वास येतोय किंवा गढूळ दिसतेय एवढ्यावरून अँटिबायोटिक सुरू करण्याचा आग्रह घरच्यांनी धरू नये. जंतू असणारच आहेत. माणसाला त्रास नसताना औषध दिलं तर ते जंतू जात नाहीत, औषधाला न जुमानणारे मागे राहतात. पिशवी कधी चक्क जांभळी होते आणि घर हादरतं. काही जंतू लघवीतल्या द्रव्यांपासून निळे आणि लाल रंग तयार करतात आणि ते प्लॅस्टिकवर चढतात. बद्धकोष्ठ असलेल्यांत हे जास्त दिसतं. माणूस बरा असेल तर घाबरायचं कारण नाही, पुढच्या भेटीत सांगावं.

पाण्याबद्दल थोडं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार म्हणून डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल, तर दिवसभरात दीड ते दोन लिटर द्रव पोटात जावं. त्याने लघवी पातळ राहते, क्षार जमायला वेळ लागतो. एकदम दोन ग्लास पाजण्यापेक्षा दर दोन तासांना एक पेला बरा, आणि वहीतला संध्याकाळचा आकडा पाहूनच रात्रीचा ठरवावा.

परत आपल्या आजोबांकडे. सिस्टर येते, फुग्यातलं पाणी काढते, नळी बाहेर घेते आणि नवी घालते. साठलेली 450 मिलि बाहेर येते, दहा मिनिटांत आजोबांचा चेहरा सैल होतो. इथे बहुतेक जण जुनी नळी लगेच कचऱ्यात टाकतात. ती टाकण्याआधी पाहायला सांगावं. टोक बोटांत चोळल्यावर वाळूसारखं कुरकुरतं का, भोकं पांढऱ्या कवचाने बुजली आहेत का, की काळपट रक्ताची गाठ अडकली आहे, की नळी अगदी स्वच्छ आहे. कवच असेल तर क्षार बसले. नळी स्वच्छ असेल तर ती नळीमुळे तुंबलीच नव्हती, मग पीळ, झोल, बद्धकोष्ठ शोधायचं. हा निष्कर्ष तारखेसकट वहीत लिहायचा.

सिलिकॉनची नळी 12 आठवड्यांपर्यंत ठेवता येते म्हणून पुढची तारीख सरळ तीन महिन्यांनंतरची लिहिली जाते. ज्याच्या नळीवर क्षार बसतात त्याच्यासाठी ती मुदत कामाची नाही. लागोपाठ तीन नळ्या किती दिवस टिकल्या ते पाहायचं. आजोबांची वही म्हणते 29, 27 आणि आता 26. मग पुढची नळी तुंबायची वाट न पाहता साधारण 21 व्या दिवशी बदलायची, तीही दिवसाउजेडी, आणि ही तारीख डॉक्टरांशी बोलून पक्की करायची. त्याच नंबरची एक पाकीटबंद नळी आणि दोन पिशव्या घरात ठेवायच्या. नळी किती नंबरची, कशाची, फुग्यात किती पाणी भरलंय आणि कधी घातली, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहायचं. रात्री अनोळखी डॉक्टर आला तर त्याला सगळ्यात आधी हेच चार आकडे लागतात.